परदेशी पार्सल दारात आलं आणि कुरियरवाला पैसे मागतोय: हे पैसे कसले, आणि तपासायचे कसे

मी बरीच वर्षं एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात काढली आहेत, म्हणून ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत कुणाचं परदेशातून पार्सल आलं की फोन मला येतो. प्रश्न एकच असतो. "काका, वस्तूचे पैसे दिले, शिपिंग दिलं, आता हा दारात उभा राहून आणखी साडेसात हजार मागतोय. देऊ का?"

उत्तर बहुतेक वेळा "द्या" असंच असतं. कारण त्यातले बहुतेक पैसे कस्टम ड्युटीचे, म्हणजे परदेशी मालावरच्या सरकारी कराचे असतात, आणि ते कुरियर कंपनीने तुमच्या वतीने आधीच सरकारकडे भरलेले असतात. दारात येणारा मुलगा ते वसूल करायला आलेला असतो. त्याच्याशी वाद घालून एक रुपया कमी होत नाही, कारण आकडा ठरवणारा तो नाही. आकडा ठरतो त्याच्या दोन-चार दिवस आधी, विमानतळावरच्या कुरियर टर्मिनलमध्ये. तुम्हाला काही करता येण्याजोगं असतं ते ऑर्डर देताना आणि पार्सल कस्टम्समध्ये असताना. दोन्ही वेळा नेमकं काय करायचं ते सांगतो, आणि मधे एक हिशेब पूर्ण सोडवून दाखवतो.

ऑर्डर देताना

परदेशी साइटवर पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर ड्युटीबद्दल एक ओळ असते आणि बहुतेक जण ती वाचत नाहीत. ती दोनपैकी एक प्रकारची असते. एक म्हणजे ड्युटी आणि कर किमतीत धरलेले आहेत. याला DDP म्हणतात. यात भारतातली ड्युटी विकणारा भरतो आणि दारात काही द्यावं लागत नाही. दुसरा प्रकार म्हणजे ड्युटी घेणाऱ्याने भरायची. त्यासाठी DAP किंवा जुनं DDU असं लिहिलेलं असतं, किंवा काहीच लिहिलेलं नसतं. काहीच लिहिलं नसेल तर ड्युटी तुमची, असं धरून चला. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. DDP घेऊनही दारात पैसे मागितले जाण्याचे प्रकार होतात. विकणाऱ्याने कुरियर बुक करताना चुकीचा पर्याय निवडलेला असतो. त्या वेळी तो स्क्रीनशॉट विकणाऱ्याला पाठवायचा आणि त्याच्याकडून कुरियरला कळवायचं.

"पण अमुक रुपयांपर्यंत ड्युटी लागत नाही ना?" हा पुढचा प्रश्न. विकत घेतलेल्या वस्तूला आपल्याकडे अशी सूट नाही. कायद्यात एवढंच आहे की एकूण ड्युटी १०० रुपये किंवा त्याहून कमी होत असेल तर ती वसूल करत नाहीत. तेवढ्यात काय येणार ते तुम्हीच ठरवा. ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना सूट होती, तिचा किस्सा पुढे येईल.

विकणाऱ्याला "बिल कमी किमतीचं कर" असं सांगायचं नाही. हा सल्ला प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी देतोच. कस्टम्स अधिकाऱ्याला बिलावरची किंमत पटली नाही तर ती नाकारून दुसरी धरण्याचा अधिकार नियमातच आहे, आणि घड्याळाचं मॉडेल टाकून बाजारभाव बघायला त्यालाही मिनिटभरच लागतो. आमच्या धंद्यात याला व्हॅल्यू लोड करणं म्हणतात. एकदा व्हॅल्यू लोड झाली की खरी ड्युटी भरावी लागतेच, शिवाय खोटी माहिती दिली म्हणून माल जप्त होऊ शकतो आणि दंडही लागतो. त्यात पार्सल हरवलं, तर भरपाईही त्या खोट्या किमतीचीच.

ऑर्डरवर आधारवरचं किंवा पासपोर्टवरचं पूर्ण नाव टाका. "सोनू" नावाने आलेलं पार्सल सोडवताना सोनूचं खरं नाव सिद्ध करण्यात दिवस जातात. मोबाइल नंबरही भारतातला आणि चालू हवा, कारण पुढचे सगळे निरोप त्यावर येतात. काही वस्तू मुळातच येऊ शकत नाहीत. ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे आणि तयार ड्रोन आणायला फेब्रुवारी २०२२ पासून. त्या मागवल्या तर ड्युटीचा प्रश्नच येत नाही, वस्तू अडकते.

पार्सल मुंबईत उतरल्यावर

नवी मुंबईतल्या लोकांचा एक ठरलेला गैरसमज असतो: कस्टम्स म्हणजे न्हावा शेवा, म्हणजे उरणच्या बाजूला जाऊन माल सोडवायचा. न्हावा शेवा हे बंदर आहे, तिथे कंटेनर येतात. तुमचं पार्सल विमानाने येतं. कुरियरने आलं असेल तर ते अंधेरीला सहारच्या बाजूला उतरतं. काही कंपन्या दिल्लीत किंवा बंगळुरूतच क्लिअरिंग करतात आणि माल मग ठाण्याला पाठवतात. ट्रॅकिंगवर दिल्ली दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. टपालाने आलं असेल तर बॅलार्ड इस्टेटचं विदेश डाक भवन. दोन्ही ठिकाणी तुम्ही स्वतः जाण्याची गरज सहसा पडत नाही.

कुरियर कंपनी इथे दोन कामं करते. ती माल आणते, आणि तुमच्या वतीने कस्टम्समध्ये कागदही भरते. या कागदाला बिल ऑफ एंट्री म्हणतात. कुरियरसाठी त्याचे वेगळे फॉर्म आहेत. तुमच्या-माझ्या घरगुती पार्सलचा बहुधा CBE-XIII असतो. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कागद भरायला कंपनीला तुमची ओळख लागते, म्हणून केवायसीचा मेसेज येतो. आधार, पासपोर्ट, पॅन, मतदार ओळखपत्र यांपैकी जे मागतील ते द्यायचं. वैयक्तिक वापराची वस्तू असेल तर आयात-निर्यात कोड काढावा लागत नाही. तो व्यापाऱ्यांसाठी असतो. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवण्यापेक्षा कंपनीची साइट स्वतः टाइप करून उघडा आणि तिथे एअरवे बिल नंबर, म्हणजे पार्सलचा ट्रॅकिंग नंबर, टाका. केवायसी खरंच बाकी असेल तर तिथेही तसं दिसतं.

हे काम आल्या दिवशी उरका. केवायसी मिळेपर्यंत पार्सल पुढे सरकत नाही, आणि ठरावीक मुदतीनंतर टर्मिनलमध्ये पडून राहिल्याचं भाडं लागू शकतं. आमच्याकडे आलेल्या "कस्टम्सने पार्सल अडवलं" या तक्रारींतल्या कितीतरी तक्रारी उघडून बघितल्या की केवायसीचा मेसेज न वाचलेला सापडायचा.

केवायसीबरोबरच आणखी एक गोष्ट स्वतःहून पाठवा, कुणी मागितली नाही तरी: ऑर्डरची पावती आणि कार्डावरून पैसे गेल्याचा पुरावा. विशेषतः सेलमध्ये किंवा कूपन लावून घेतलं असेल तर. तुम्ही प्रत्यक्ष जी किंमत मोजली तीच ड्युटीसाठी धरायची असते. पण अधिकाऱ्यासमोर साइटवरची मूळ किंमत असेल आणि तुमचा कागद नसेल, तर तो मूळ किंमत धरणार. असेसमेंट होण्याआधी, म्हणजे ड्युटीचा आकडा ठरण्याआधी, गेलेला कागद कामाचा असतो. नंतर तोच कागद तक्रारीला जोडण्यापुरता उरतो.

हिशेब

ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या पुतण्याने अमेरिकेतून साधं मनगटी घड्याळ मागवलं. स्मार्टवॉच नव्हे, ते वेगळं प्रकरण आहे. समजा घड्याळ १५० डॉलरचं, शिपिंग २० डॉलर. डॉलरचा दर सोपा जावा म्हणून ९० रुपये धरू. प्रत्यक्षात हा दर तुमच्या बँकेचा नसतो. कस्टम्स महिन्यातून दोनदा आपला दर जाहीर करते, तोच लागतो. म्हणून तुमचा आकडा थोडा इकडेतिकडे होणारच.

ड्युटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही. त्यात भारतापर्यंतचं भाडं आणि विमाही धरतात. इथेच पहिली ठिणगी उडते: "शिपिंगवर कसली ड्युटी?" नियमच तसा आहे. विम्याचा खरा आकडा माहीत नसेल तर वस्तूच्या किमतीच्या १.१२५ टक्के धरतात. भाड्याचा आकडा नसेल तर वस्तूच्या किमतीच्या २० टक्के. फ्री शिपिंगवाल्यांनी हे वाचून ठेवावं, कारण बिलावर भाडं नसलं तरी ते धरलं जाऊ शकतं. उलट बाजूने एक फायदाही आहे. विमानाने आलेल्या मालाचं भाडं २० टक्क्यांच्या वर धरता येत नाही. लवकर हवं म्हणून पुतण्याने ६० डॉलर शिपिंग भरलं असतं तरी हिशेबात ३० डॉलरच यायला हवेत. कागदावर हे तपासण्यासारखं आहे.

तर १५० अधिक २० अधिक विम्याचे १.६९ म्हणजे १७१.६९ डॉलर. रुपयांत १५,४५२. याला असेसेबल व्हॅल्यू म्हणतात आणि पुढचं सगळं यावर चढत जातं.

मूळ कस्टम ड्युटी, घड्याळावर २० टक्के: ३,०९० रुपये
समाज कल्याण अधिभार, मूळ ड्युटीच्या १० टक्के: ३०९ रुपये
आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, १८ टक्के: ३,३९३ रुपये
एकूण: ६,७९२ रुपये

आयजीएसटी बघा. १५,४५२ चे १८ टक्के काढले तर २,७८१ येतात, पण कागदावर ३,३९३ आहेत. कंपनीने लबाडी केली असं लोकांना वाटतं ते इथे. आयजीएसटी लागतो तो किंमत, ड्युटी आणि अधिभार या तिन्हींच्या बेरजेवर, म्हणजे १८,८५१ वर. करावर कर, हो. म्हणून २० आणि १८ मिळून ३८ होत नाहीत, जवळजवळ ४४ टक्के होतात.

आता यावर कुरियर कंपनीचा आकार. सरकारकडे पैसे आधी स्वतः भरले, कागद केले, त्याचे. प्रत्येक कंपनी वेगळा लावते आणि दर तिच्या साइटवर असतो. बिलावर त्याला अ‍ॅडव्हान्स पेमेंट, डिस्बर्समेंट किंवा क्लिअरन्स फी असं काहीतरी नाव असतं. समजा ६०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, १०८ रुपये. सगळं मिळून ७,५००.

पुतण्याच्या साडेसात हजारांतले ६,७९२ सरकारचे आणि ७०८ कुरियर कंपनीच्या नावावरचे. भांडायचंच असेल तर कुणाशी कशासाठी भांडायचं ते यावरून ठरतं. ६,७९२ ला कंपनी हात लावू शकत नाही. ७०८ मध्ये एकच गोष्ट बघायची: कंपनीचा जीएसटी फक्त तिच्या फीवर लावलाय ना? तुमच्या वतीने भरलेल्या ड्युटीवर तिला पुन्हा जीएसटी लावता येत नाही. ६,७९२ वरही १८ टक्के लावलेले दिसले तर लेखी हरकत घ्या. स्वस्त वस्तूंच्या बाबतीत ही फीच जास्त बोचते. हजार रुपयांच्या वस्तूवर ड्युटी चारशे आणि फी सातशे असा प्रकार होतो. म्हणून छोट्या, घाई नसलेल्या वस्तूंसाठी मी लोकांना टपालाचा पर्याय बघायला सांगतो. तिथे सगळं सावकाश चालतं, पण कुरियर कंपनीची ही फी नसते.

वस्तू कुठल्या खात्यात धरली

वरच्या हिशेबात सगळ्यात मोठा फरक पाडणारा आकडा २० टक्क्यांचा आहे, आणि तो ठरतो वर्गीकरणावरून. प्रत्येक वस्तूला आठ आकडी क्रमांक असतो. मनगटी घड्याळं ९१०२ ने सुरू होणाऱ्या क्रमांकांमध्ये येतात. कॉम्प्युटरचा कीबोर्ड ८४७१ मध्ये, आणि त्यावर मूळ ड्युटी शून्य आहे, फक्त १८ टक्के आयजीएसटी. म्हणजे १५,४५२ रुपये असेसेबल व्हॅल्यूच्या घड्याळावर ६,७९२ आणि तेवढ्याच कीबोर्डवर २,७८१. विकणाऱ्याने बिलावर "कॉम्प्युटर कीबोर्ड" असं नीट न लिहिता "अ‍ॅक्सेसरी" किंवा "इलेक्ट्रॉनिक वस्तू" असं मोघम लिहिलं, तर कुरियरचा कागद भरणारा माणूस अंदाजाने क्रमांक टाकतो. दिवसाला शेकडो कागद भरणाऱ्या माणसाचा अंदाज तुमच्या बाजूने असेलच असं नाही. ऑर्डर दिल्यावर विकणाऱ्याला "बिलावर वस्तूचं नेमकं नाव लिहा" एवढा मेल टाकायला काही लागत नाही.

शिवाय वैयक्तिक वापरासाठी आलेल्या वस्तूंचं एक सरसकट खातं आहे, ९८०४. तुमची वस्तू तिच्या स्वतःच्या क्रमांकात धरली की या सरसकट खात्यात, ते बिल ऑफ एंट्रीवर दिसतं, आणि दोन्हींचे दर वेगळे असतात. नेटवर शोधलंत तर "परदेशी पार्सलवर ७७.२८ टक्के ड्युटी" असं जागोजागी सापडेल. तो आकडा याच खात्याचा, पण जुना. मूळ ड्युटी ३५ टक्के, त्यावर १० टक्के अधिभार, आणि मग २८ टक्के आयजीएसटी असं धरून तो यायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून या खात्याचा आयजीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मूळ ड्युटीही खाली आली आहे. २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात ती २० वरून १० टक्के करण्याचा प्रस्ताव मांडला गेला. सांगायचा मुद्दा, जुन्या लेखातला टक्का घेऊन कुरियरवाल्याशी वाद घालू नका, आणि माझे वरचे टक्केही तुमच्या पार्सलच्या दिवशी तपासून घ्या. icegate.gov.in ही कस्टम्सची स्वतःची साइट आहे. वस्तूचा क्रमांक टाकून चालू दर तिथे बघता येतो.

दारात

पार्सल सुटलं, म्हणजे आमच्या भाषेत आउट ऑफ चार्ज झालं, की कंपनीचा एसएमएस किंवा मेल येतो आणि त्यात रक्कम असते. तिथेच ऑनलाइन भरता येतं. नाही भरलं तर आणणारा मुलगा यूपीआयने किंवा रोख घेतो. पैसे हातात पडल्याशिवाय तो पार्सल देत नाही यात अरेरावी नाही. कंपनीने स्वतःचे पैसे गुंतवलेत आणि पार्सल एकदा तुमच्या घरात गेलं की ते वसूल करायला तिच्याकडे दुसरा चांगला मार्ग नाही.

पैसे देण्याआधी किंवा दिल्यावर दोन कागद मागा: ड्युटीचं बिल आणि बिल ऑफ एंट्रीची प्रत, तोच CBE-XIII. डिलिव्हरीच्या मुलाकडे दुसरा कागद बहुधा नसतो. कंपनीच्या कस्टमर केअरला एअरवे बिल नंबर देऊन मेल केला की मिळतो. त्यात चार जागा बघायच्या: वस्तूचं नाव आणि क्रमांक, असेसेबल व्हॅल्यू, डॉलरचा दर, आणि ड्युटीच्या तीन रकमा. वरचा हिशेब शेजारी ठेवून ताडून बघितलात तर काय बरोबर, काय चूक ते दहा मिनिटांत समजतं.

"नको मला, परत घेऊन जा" असं म्हणून ड्युटी टळते का? टळत नाही. मालावरचा हक्क सोडून ड्युटीतून मोकळं होण्याची सोय कायद्यात आहे, पण ती माल सोडण्याचा हुकूम होण्याआधी. दारात पार्सल येतं तेव्हा तो हुकूम होऊन ड्युटी भरलेली असते. तुम्ही नाकारलंत तर कंपनी ती रक्कम तुमच्याकडे किंवा पाठवणाऱ्याकडे मागणार, आणि विकणारा ती तुमच्या परताव्यातून कापणार. वस्तू खराब निघाली म्हणून तुम्ही परत पाठवलीत तरी विकणारा फक्त त्याची किंमत परत करतो. इथे भरलेली ड्युटी आपोआप परत येत नाही. त्यासाठी परत पाठवतानाच निर्यातीचे कागद करून कस्टम्सकडे दावा लावावा लागतो, आणि एका घड्याळासाठी तो खटाटोप करताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

टपालाने आलेल्या पार्सलचं थोडं वेगळं. तिथे पाठवणाऱ्याने पाकिटावर चिकटवलेला CN22 किंवा CN23 हा छोटा फॉर्म बघून ड्युटी ठरते. तो नीट भरला नसेल किंवा किंमत संशयास्पद वाटली तर टपाल खात्याकडून कागद मागणारं पत्र येतं. त्याला उत्तर दिलं नाही तर पार्सल पडून राहतं. ड्युटी पोस्टमन घेतो आणि पावती देतो.

चूक सापडली तर

वस्तूचा क्रमांक चुकला, सेलची किंमत न धरता मूळ किंमत धरली, भाडं २० टक्क्यांच्या वर गेलं, यांपैकी काही सापडलं तर आधी कुरियर कंपनीच्या क्लिअरन्स विभागाला लिहा. कागद त्यांनी भरला आहे, त्यामुळे दुरुस्तीची मागणीही त्यांच्यामार्फत गेली तर सोपं जातं. मेलमध्ये "ड्युटी फार लावली" असं लिहिलंत तर छापील उत्तर येईल. "बिल ऑफ एंट्रीवर अमुक क्रमांक आहे, वस्तू तमुक आहे, सोबत बिल आणि फोटो" असं लिहिलंत तर कुणीतरी फाइल उघडेल.

सरळ कस्टम्सकडेही जाता येतं. असेसमेंटविरुद्ध आयुक्तांकडे अपील करायला ६० दिवस मिळतात. परताव्याच्या अर्जाला एक वर्षाची मुदत आहे, आणि ती वाचून लोक निवांत राहतात. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे की आधी असेसमेंट बदलून घेतल्याशिवाय नुसत्या अर्जावर परतावा मिळत नाही. म्हणजे खरी घाई ६० दिवसांचीच. रक्कम दोन-तीन हजार असेल तर कंपनीमार्फत होईल तेवढं करा आणि सोडा, असं माझं मत. वकिलाची फी त्याहून जास्त होईल. चाळीस-पन्नास हजारांचा फरक असेल तर मात्र एखाद्या कस्टम्स ब्रोकरला कागद दाखवा.

मावशीने पाठवलेली भेट

आता तो किस्सा. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतची भेट ड्युटीशिवाय यायची. मग काही परदेशी शॉपिंग अ‍ॅप्सचा माल सर्रास "गिफ्ट" म्हणून यायला लागला. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने ती वाटच बंद केली. आता भेट म्हणून ड्युटीमुक्त येतं ते फक्त जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखी म्हणजे राखीच, तिच्याबरोबरची चॉकलेटं आणि परफ्यूम नव्हे. बाकी भेटवस्तू पाठवायला मनाई नाही, पण विकत घेतलेल्या वस्तूसारखीच पूर्ण ड्युटी लागते. म्हणून न्यू जर्सीच्या मावशीला सांगून ठेवा: "फुकट दिलंय" म्हणून किंमत शून्य लिहू नकोस, दुकानाची पावती आत ठेव, आणि पाच वस्तू एका खोक्यात असतील तर पाचांची नावं आणि किमती वेगवेगळ्या लिही. एकच मोघम नाव असलं तर सगळं खोकं सगळ्यात महाग वाटणाऱ्या वस्तूच्या दराने मोजलं जाण्याचा धोका असतो. पाठवताना ड्युटी आपण भरतो असा पर्याय तिला तिकडच्या काउंटरवर मिळाला तर उत्तमच. इकडे आजी-आजोबा एकटे असतील तर तो जरूर घ्यावा, दारात अनोळखी माणसाशी हिशेब करण्याची वेळ त्यांच्यावर येत नाही.

पार्सलच नाही, पण फोन आला

ज्येष्ठांच्या बाबतीत हे खासकरून सांगायला हवं. "तुमच्या नावाचं पार्सल कस्टम्सने पकडलं आहे, ड्युटी भरा, नाहीतर अटक" असे फोन आमच्या सोसायटीतही आले आहेत. कस्टम्स अधिकारी तुम्हाला फोन करून खासगी खात्यात किंवा कुणाच्या यूपीआयवर पैसे मागत नाहीत, व्हिडिओ कॉलवर चौकशीही करत नाहीत. वर सांगितलेला रस्ता आठवा: खऱ्या पार्सलला एअरवे बिल नंबर असतो, तो कंपनीच्या साइटवर टाकला की पार्सल दिसतं आणि पैसे कंपनीला जातात. कस्टम्सच्या नावाने पत्र किंवा समन्स आलं तर त्यावर DIN नावाचा क्रमांक हवा. तो cbic.gov.in वर टाकून खरा की खोटा ते तपासता येतं. क्रमांक जुळला नाही तर त्या पत्राला उत्तर देऊ नका, आणि फोनवर असाल तर फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला फोन करा, त्याच तासात. रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्याआधी कळलं तर ती गोठवण्याची शक्यता असते.